‘ए’ चालतो हाताने, ‘ई’ येतो नळाने! काविळीच्या दोन व्हायरसची चटपटीत कुंडली

माहीत आहे का? १९५५ सालच्या डिसेंबरात आपल्या देशाची राजधानी अक्षरशः पिवळी पडली होती! दिल्लीत काही आठवड्यांच्या आत तब्बल २९,३०० लोकांना कावीळ झाली.

आता यातला खरा ट्विस्ट ऐका. त्याच पाण्यातून टायफॉइड पसरला नाही. हगवणीची साथही आली नाही. नळाला क्लोरीन घातलेलं पाणी येत होतं आणि क्लोरीन नेहमीपेक्षा जास्तच होतं. बॅक्टेरिया क्लीन बोल्ड झाले, व्हायरस मात्र नाबाद राहिला!

हा नाबाद भिडू म्हणजे हिपॅटायटिस ‘ई’. त्याचा जोडीदार हिपॅटायटिस ‘ए’. दोघांचा मुक्काम लिव्हरमध्ये, दोघे बाहेर पडतात विष्ठेवाटे आणि दोघे दुसऱ्याच्या पोटात शिरतात तोंडावाटे. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडालेली, मळमळ, थकवा, सगळं सेम टू सेम. नुसतं पेशंटकडे बघून मोठमोठ्या डॉक्टरांनाही ‘ए’ की ‘ई’ ते सांगता येत नाही.

पण दोघांच्या सवयी वेगळ्या आहेत. म्हणून त्यांना अडवायच्या जागाही वेगळ्या. चला, सुरुवात दिल्लीपासूनच करू.

यमुनेने कूस बदलली आणि…

दिल्लीचं पाणी तेव्हा वजिराबादच्या पंपिंग स्टेशनमधून उचललं जायचं. तिथून जवळच, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. खालच्या बाजूला, म्हणजे एरवी सेफ. नाल्याची घाण पुढे वाहून जाणार, पाणी आधीच उचललेलं असणार.

१९५५ च्या पावसाळ्याअखेरीस पूर आला. पूर ओसरल्यावर यमुनेने आपला प्रवाह जरा सरकवला. झालं! नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून थेट पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं. ही नोव्हेंबरातली गोष्ट.

वॉटरवर्क्सवाले गाफील नव्हते बरं का. पाणी बिघडलंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. म्हणूनच तर टायफॉइड आटोक्यात राहिला. पण सांडपाण्यात अमोनिया असतो, आणि क्लोरीनला अमोनिया भेटला की दोघांची जोडी जमून क्लोरामाइन तयार होतं. क्लोरामाइन व्हायरस मारायला फार धिमं. बॅक्टेरिया तुलनेने नाजूक, ते लवकर मरतात. शिवाय गढूळ पाण्यात गाळाच्या कणाआड लपलेल्या व्हायरसपर्यंत क्लोरीन धड पोचतही नाही.

मग नोव्हेंबर सरला. सगळं शांत. आणि डिसेंबर-जानेवारीत एकदम काविळीचा स्फोट!

माहीत आहे का, मधे इतका वेळ का गेला? ‘ई’ पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १० आठवडे जातात, सरासरी ५ ते ६. ‘ए’ जरा घाईचा. त्याला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. म्हणजे आज सोसायटीत कावीळ दिसली, तर गुन्हा घडला तो मागच्या महिन्यात. आजच्या पाण्याचा नमुना तपासून तो स्वच्छ निघाला, म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. कॅलेंडर मागे उलटावं लागतं.

फ्रीझरमधला साक्षीदार

दिल्लीच्या साथीचा आळ कोणावर आला असेल? ‘ए’ वर! कारण ‘ई’ नावाचा कोणी आहे, हेच तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं.

पण दोन गोष्टी डोळ्यांत खुपत होत्या. एक, आजारी पडले ते मुख्यतः तरुण आणि प्रौढ. आणि दिल्लीतल्या प्रौढांना तर ‘ए’ लहानपणीच होऊन गेलेला असणार होता! दोन, गरोदर बायका या काविळीने भलत्याच प्रमाणात दगावल्या. ‘ए’ असा वागत नाही.

कोडं सुटलं २५ वर्षांनी, आणि त्यात आपलं पुणं होतं! पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले. ‘ए’ ची ताजी लागण नाही, ‘बी’ ची सुद्धा नाही! हा शोधनिबंध १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधल्या १९७८ च्या साथीवरून तोच निष्कर्ष मांडला. काविळीचा आणखी एक व्हायरस पाण्यातून फिरतोय!

पण त्याला पाहिलं कोणी? इथे एंट्री होते मिखाइल बलायान या रशियन शास्त्रज्ञाची. अफगाणिस्तानात तैनात सोव्हिएत सैनिकांमध्ये काविळीची साथ आली होती. बलायान यांना ‘ए’ पूर्वीच होऊन गेला होता, त्यामुळे त्यांना तो पुन्हा होणार नव्हता. मग त्यांनी काय केलं असेल? आजारी सैनिकांच्या विष्ठेचा गाळून घेतलेला अर्क ते स्वतः प्यायले! दह्यात कालवून, असं सांगतात.

३६ व्या दिवशी त्यांना कावीळ झाली. मग त्यांनी स्वतःच्याच विष्ठेचा नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला आणि ‘ई’ ने पहिल्यांदा तोंड दाखवलं. १९८३ साली त्यांनी हे सगळं छापलं. ‘जिवावर उदार’ म्हणतात ते हे!

आता ‘ए’ची बारी : साल्साने लावली वाट

दिल्लीतून थेट अमेरिका. २००३ साल, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका मॉलमधलं मेक्सिकन रेस्तराँ. टेबलावर बसलं की चिप्स आणि साल्साची वाटी फुकट. साल्सात कच्ची कांद्याची पात.

पात मेक्सिकोहून आलेली. शेतात किंवा पॅकिंगच्या वेळी कोणाच्या तरी हातातून किंवा पाण्यातून ‘ए’ तिच्यावर बसला. पातीला इतके पापुद्रे असतात की वरवर धुऊन आतला व्हायरस निघत नाही. तीच पात बर्फात ठेवलेली, मग चिरून मोठ्या प्रमाणात कालवलेली. एका जुडीवरचा व्हायरस शेकडो वाट्यांत पोचला.

निकाल? ६०१ जण आजारी, ३ मृत्यू, आणि खबरदारी म्हणून सुमारे ९,००० लोकांना अँटिबॉडीचं इंजेक्शन.

माहीत आहे का? व्हायरस अन्नात वाढत नाही! बॅक्टेरिया उरलेल्या भातात रात्रभर पिल्लं घालतात, व्हायरसला मात्र जिवंत पेशीच लागते. साल्सात जितके आले तितकेच राहिले. पण मुक्काम ठोकून राहिले. फ्रीज त्यांना मारत नाही, डीप फ्रीझर तर चक्क जपून ठेवतो. गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून आणि डाळिंबाच्या दाण्यांतूनही ‘ए’ च्या साथी आल्या आहेत.

बर्फाचा गोळा आवडतो? मग हे वाचाच. बर्फ म्हणजे पाणीच, गोठल्याने ते शुद्ध होत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम झाला, तो याच पोटदुख्या टाळायला. गाडीवर निळसर लादी दिसली की पुढे चला. पण पांढरा बर्फही ज्या पाण्याचा, त्याच्याच गुणाचा!

तीन लाखांचा शिंपला

रेकॉर्ड हवंय? घ्या! जानेवारी ते मार्च १९८८, शांघाय. ‘ए’ चे सुमारे ३ लाख रुग्ण! जगात खाण्यातून पसरलेल्या मोठ्यात मोठ्या साथींमध्ये ही गणली जाते.

आरोपी : शिंपल्या. शेजारच्या जिआंग्सू प्रांताच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचं भरघोस पीक मिळालं होतं. शांघायकरांची खायची पद्धत अशी, की उकळतं पाणी वरून ओतायचं, शिंपली जराशी उघडली की आतलं मऊ मांस सॉससोबत गट्टम. आत जवळजवळ कच्चंच.

शिंपलीचं काम काय? दिवसभर समुद्राचं पाणी आत ओढायचं आणि त्यातलं खाणं गाळून घ्यायचं. किनाऱ्यावर सांडपाणी सुटत असेल तर ती व्हायरसही गाळून घेते आणि पोटात साठवते. पाण्यात विरळ असलेला व्हायरस शिंपलीत दाट होतो.

आता कोकण-गोव्याच्या मंडळींनी जरा कान टवकारा. तिसऱ्या उकळत्या पाण्यात टाकल्या, तोंड उघडलं, झाल्या शिजून? नाही! शिंपला उघडतो तो आतला जीव सैल पडला म्हणून. ‘ए’ त्याच्या नंतरही टिकतो. त्याला मारायला आतल्या मांसाचं तापमान ८५ ते ९० अंशांवर जाऊन मिनिट-दीड मिनिट तिथे राहावं लागतं. म्हणून तोंड उघडल्यावर वाटणात टाकून रसाला चांगली खळखळून उकळी काढायची. आपलं तिसऱ्यांचं सुकं किंवा एकशिपी नीट शिजवली तर हे आपोआप होतं. घाई केली तर नाही.

बोटांवर चार तास!

‘ए’ चं खरं वाहन म्हणजे माणसाचा हात. प्रयोगांमध्ये बोटांवर लावलेला ‘ए’ चार तासांनंतरही जिवंत सापडला आहे. स्वयंपाकी शौचाहून आला, हात नुसते पाण्याखाली धरले आणि काकडी चिरायला बसला, की काम तमाम.

माहीत आहे का, यातली सगळ्यात चकवणारी गोष्ट कोणती? ‘ए’ चा रुग्ण सर्वात जास्त व्हायरस बाहेर टाकतो तो कावीळ दिसायच्या आधीच्या दोन आठवड्यांत! डोळे पांढरेशुभ्र, तब्येत ठणठणीत, आणि प्रसार जोरात. कावीळ उमटली की आठवडाभरात प्रसार बराच ओसरतो. त्यामुळे “आमच्याकडे कोणी आजारी नाही” हे हॉटेलवाल्याचं वाक्य प्रामाणिक असलं तरी उपयोगाचं नाही. हात धुणं रोजचंच हवं.

आणि सॅनिटायझर? इथे तो फारसा चालत नाही. कोरोनाच्या व्हायरसला चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फाटतं. विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ ला ते आवरणच नसतं. साबण त्यांना मारतो असं नाही, पण चोळून, सुटे करून, वाहत्या पाण्याबरोबर घालवून देतो. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, २० सेकंद. इथे साबणच साहेब!

आता तुलना बघा. घरात एकाला ‘ए’ झाला, की ज्यांना पूर्वी झालेला नाही आणि लसही घेतलेली नाही, त्यांच्यात तो सहज शिरतो. ‘ई’ चं तसं नाही. साथींच्या अभ्यासांत ‘ई’ च्या रुग्णाच्या घरातल्यांपैकी नंतर आजारी पडलेले अवघे १ ते २ टक्क्यांच्या आसपास निघाले. एकाच घरात चार जणांना ‘ई’ झाला असेल, तर बहुधा चौघं एकाच नळाचं पाणी प्यायलेले असतात. ‘ए’ एकेकाला गाठतो, ‘ई’ अख्खी पाइपलाइन गाठतो.

पाइपात नेमकं होतं काय?

आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी सुरू असताना पाइपात दाब असतो, गळती असली तर पाणी बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं की दाब उतरतो. मग त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. पाइप गटारातून गेलेला असेल तर काय आत येतं ते सांगायला नको! त्यात कोणी थेट नळाला मोटर लावली असेल, तर हे ओढणं आणखी जोरात.

म्हणूनच पाणी आल्याबरोबरची पहिली काही मिनिटं गढूळ, वासाची. ते पाणी पिण्याला भरायचं नाही. आणि रोजच तसं येत असेल तर ती तक्रार करायची, अंगवळणी पाडायची नाही.

शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही छान असो, ‘ई’ वाटेत चढतो. त्यामुळे खरी परीक्षा शेवटच्या नळावर. भारतीय मानकात यासाठी दोन आकडे आहेत, हे माहीत आहे का? एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलं पाहिजे. पण व्हायरसपासून बचाव हवा असेल तर किमान ०.५! म्हणजे अडीच पट. आणि त्याला अर्धा तास वेळही मिळायला हवा.

गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती हीच. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, आणि रंग पिवळा झाला की क्लोरीन आहे. इथे एक बारीक खुबी आहे. मुक्त क्लोरीन असेल तर पिवळा रंग लगेच, दहाएक सेकंदांत येतो. क्लोरामाइन असेल तर तो सावकाश, काही मिनिटांनी चढतो. नळी बाजूला ठेवून चहा पिऊन आल्यावर रंग वाचला, तर दोन्हींची बेरीज दिसते आणि पाणी उगाच पास होतं. दिल्लीत चकवा देणारं क्लोरामाइन ते हेच! टीसीएल पावडर किती घातली यापेक्षा शेवटच्या नळावर रंग किती सेकंदांत आला, हे विचारा.

घरातला फिल्टर विरुद्ध २७ नॅनोमीटर

‘ए’ आणि ‘ई’ दोघेही साधारण २७ ते ३४ नॅनोमीटरचे. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले तीसेक घ्या. चार पदरी फडकं? आरामात पार. कँडल फिल्टर? त्याची छिद्रं बॅक्टेरिया अडवतात, व्हायरसपेक्षा ती कितीतरी मोठी असतात. तुरटीने गाळ बसतो, त्याबरोबर थोडे व्हायरसही खाली जातात, पण भरवसा नाही.

चालतं काय? आरओचा पडदा शाबूत असेल तर चालतो. यूव्ही चालतो, मात्र पाणी नितळ हवं आणि दिवा जुना झालेला नको. आणि सगळ्यांचा दादा म्हणजे उकळणं. बुडबुडे जोरात यायला लागल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळून गॅस जाळायची गरज नाही. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. हात बुडवला की ‘ए’ पुन्हा हजर!

लहानपणी स्वस्त, मोठेपणी महाग

सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ‘ए’ झालेला कळतही नाही. ना कावीळ, ना तक्रार, आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती. पूर्वी आपल्याकडे जवळजवळ सगळीच मुलं अशी गुपचूप ‘पास’ व्हायची.

मग स्वच्छता सुधारली. पुण्यात एनआयव्हीने वर्षानुवर्षं केलेल्या पाहण्यांत दिसलं, की सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांमध्ये ‘ए’ च्या अँटिबॉडी कमी कमी होत चालल्या आहेत. म्हणजे ती मुलं ‘ए’ ला न भेटताच मोठी होतायत. छानच की! पण मग तो हॉस्टेलच्या मेसमध्ये विसाव्या वर्षी भेटतो, आणि तेव्हा कावीळ होते जोरदार. चाळिशीनंतर तर धोका आणखी वाढतो. अर्थात उपाय घाण पाणी नाही, उपाय आहे लस.

‘ए’ ची लस भारतात सहज मिळते. पहिल्या वाढदिवसानंतर कधीही. मृत व्हायरसची असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, जिवंत पण दुबळ्या केलेल्या व्हायरसची असेल तर एकच. सरकारी मोफत वेळापत्रकात ती नाही, बालरोगतज्ज्ञ मात्र सुचवतात. आणि बोनस! घरात कोणाला ‘ए’ झाल्यावर इतरांनी दोन आठवड्यांच्या आत लस घेतली, तरी ती बहुतेकांना वाचवते. सरासरी २८ दिवसांची ती मुदत इथे आपल्या कामाला येते.

‘ई’ ची लस? आहे, पण चीनमध्ये. २०११ साली तिथे मान्यता मिळाली, सहा महिन्यांत तीन डोस. चालू साथीत ती पहिल्यांदा वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानच्या बेंतिऊमधल्या विस्थापितांच्या छावणीत. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. म्हणून आपल्याकडे ‘ई’ शी लढाई आजही पाइप आणि पातेल्यावरच लढायची.

आणि डुक्कर मधेच कुठून आलं?

‘ए’ हा जवळपास पूर्णपणे माणसाचाच आजार. ‘ई’ चे मात्र प्रकार आहेत. १ आणि २ नंबरचे फक्त माणसांत, पाण्यातून. ३ आणि ४ नंबरचे डुक्कर, रानडुक्कर, हरणांत राहतात आणि अर्धकच्च्या मांसातून माणसात येतात. युरोप आणि जपानमध्ये ‘ई’ बहुधा नळातून येत नाही, ताटातून येतो! जपानने २०१५ मध्ये हॉटेलांत कच्चं डुकराचं मांस वाढण्यावरच बंदी घातली.

चिवटपणा बघा. एका फ्रेंच प्रयोगात डुकराच्या लिव्हरच्या पदार्थातला ‘ई’ पूर्ण मरायला आतून ७१ अंशांवर २० मिनिटं लागली.

मग आपल्याकडच्या डुकरांचं काय? पुण्याच्या एनआयव्हीने तपासलं आणि २००२ साली सांगितलं, की पश्चिम भारतातल्या डुकरांत सापडला ४ नंबर, आणि माणसांतल्या रुग्णांत १ नंबर. म्हणजे आपल्या साथींचा उगम गटारात आणि पाइपात आहे, डुकरात नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र तिकडचं लिव्हर सॉसेज चांगलं परतून खावं.

चुन्याचं पाणी पिवळं कसं होतं?

“कावीळ उतरवणारा” रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो आणि पाणी पिवळं होतं. कावीळ उतरली म्हणे! माहीत आहे का, आंब्याच्या सालीचा रस हाताला आधी चोळला असेल, तर चुन्याच्या पाण्यात कोणाचेही हात पिवळा रंग सोडतात.

मग लोक बरे कसे होतात? कारण ‘ए’ आणि ‘ई’ बहुतेकांत आपोआपच बरे होतात, माळ घाला की घालू नका. पण ज्या थोड्यांना धोका असतो त्यांचे मोलाचे दिवस यात जातात. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ‘ई’ झाला, तर पाचांतली एखादी दगावते, कधी चारांतलीही. तिला कावीळ दिसली की त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. आणि कोणीही रुग्ण गुंगीत जात असेल, असंबद्ध बोलत असेल, रक्तस्राव होत असेल, तर एक तासही थांबायचं नाही.

सोसायटीत कावीळ आली, आता डिटेक्टिव्ह व्हा!

मानू या, पहिल्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलाला कावीळ झाली. चारेक आठवड्यांनी त्याची कॉलेजातली ताई आणि शेजारचा मित्र. एकामागून एक, साखळीसारखे. संशय ‘ए’ वर. रक्ताची ‘आयजीएम’ अँटिबॉडी तपासणी ‘ए’ साठी करायची, संपर्कातल्यांना १४ दिवसांच्या आत लस, टॉवेल वेगळे, संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण, आणि रुग्णाने कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

दुसरा सीन. पंधरा दिवसांत तीन बिल्डिंगांतले अकरा जण, बहुतेक विशी ते चाळिशीतले, एकमेकांना ओळखतही नाहीत. मात्र तिन्ही बिल्डिंगांना पाणी एकाच लाइनवरून. पलीकडच्या रस्त्याची लाइन वेगळी, तिथे एकही रुग्ण नाही. संशय ‘ई’ वर. ‘ए’ ही कधी पाण्यातून साथ आणतो, म्हणून ‘आयजीएम’ दोन्हींसाठी करायची. पण पाणी उकळायला निकालाची वाट पाहायची नाही, आज संध्याकाळपासूनच सुरू. गरोदर बायकांच्या घरी आधी निरोप. नगरपालिकेला कळवून शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, आणि पाच-सहा आठवड्यांपूर्वी त्या रस्त्यावर खोदकाम, गटार तुंबणं किंवा पाइप फुटणं झालं होतं का, याची चौकशी. जमिनीतली टाकीही तपासा. तिच्या शेजारून ड्रेनेजचा पाइप गेला आहे का, झाकण पावसाळ्यात पाण्याखाली जातं का?

आणि समजा गळती सापडली, बुजवली, पाणी स्वच्छ झालं. तरी पुढचे दीड-दोन महिने नवे रुग्ण निघतच राहतील. “दुरुस्ती फसली” म्हणून घाबरून जायचं नाही. ते सगळे दुरुस्तीच्या आधी प्यायलेल्या ग्लासाचे रुग्ण असतात.